आजीव वर्गणी कोणत्या वर्षाची?

मार्चअखेर क्लबमध्ये पावत्या भराभर फाटतात. पुढच्या वर्षाची वर्गणी आधीच भरणाऱ्यांना सवलत असते आणि आजीव सभासदत्वाचे अर्जही याच सुमारास येतात. ३१ मार्चला बँकेत शिल्लक भरपूर दिसते. पण ती सगळी त्या वर्षाची कमाई नव्हे. वार्षिक वर्गणीचं उत्तर सरळ आहे. एखाद्याने जानेवारी ते डिसेंबरसाठी ६,००० रुपये भरले असतील, तर तीन महिन्यांचे १,५०० उत्पन्नात जातील आणि उरलेले ४,५०० ताळेबंदात देण्यांच्या बाजूला, ‘आगाऊ मिळालेली वर्गणी’ म्हणून. त्यासाठी पावतीवर नुसती तारीख पुरत नाही, वर्गणीची मुदतही लिहिलेली हवी. पडताळा घ्यायचा तर सभासदसंख्येला वार्षिक दराने गुणावं. उत्पन्न त्याहून बरंच जास्त दिसलं, तर पुढच्या वर्षाचे पैसे आत शिरले असण्याचा संशय आधी घ्यावा.

खरा वाद आजीव वर्गणीचा. समजा, एप्रिलमध्ये चाळीस जणांनी प्रत्येकी ४५,००० भरले. हे अठरा लाख त्याच वर्षी उत्पन्नात घेतले, की वाढावा फुगतो, त्याच्या भरवशावर वार्षिक दर वाढवायचे टाळले जातात आणि पुढची अनेक वर्षं त्याच चाळीस जणांसाठी दिवे, पाणी, माळी यांचा खर्च होत राहतो, उत्पन्न मात्र शून्य. म्हणून ही रक्कम सभासद सरासरी जितकी वर्षं टिकतात तितक्यांवर वाटावी, असं माझं ठाम मत आहे. पंधरा वर्षं धरली तर दरसाल १,२०,००० उत्पन्नात येतील.

पैसे परत द्यायचेच नाहीत, मग ते देणं कसं, असं खजिनदार विचारतात. पैसे परत द्यायचे नसले तरी सेवा द्यायची बाकी आहे. देणं तिचं आहे. दुसरा मार्ग सगळी रक्कम कायमनिधीत टाकण्याचा. नियमावलीत ती इमारतीसाठी किंवा कायमनिधीसाठी राखली असेल, तर तेच योग्य. एरवी मात्र आजीव सभासदांच्या सेवेचा भार वार्षिक सभासदांवर पडतो आणि निधीत दिवंगतांचीही वर्गणी साचून राहते. कोण किती वर्षं टिकेल हे कुणाला ठाऊक, हा आक्षेप वजनदार आहे. पण सभासद-नोंदवहीत प्रवेशाची आणि सभासदत्व संपल्याची तारीख असते. त्यावरून अंदाज बांधता येतो आणि तो सुधारताही येतो. पाच वर्षांनी बारा लाख शिल्लक असताना सभासद आणखी पंधरा वर्षं राहतील असं दिसलं, तर मागची खाती उकरायची नाहीत. पुढे दरसाल ८०,००० घ्यायचे. मधेच एखादा सभासद वारला, म्हणून त्याचा उरलेला वाटा वेगळा उत्पन्नात ओढायचा नाही, कारण सरासरी काढतानाच लवकर जाणारे आणि उशिरापर्यंत राहणारे दोघेही हिशेबात धरलेले असतात.