अंडं श्रेष्ठ की डाळ? उत्तर पोळीला विचारा

आमचं घर झाशीतलं. मराठेशाहीच्या काळात इकडे आलेल्या कुटुंबांपैकी एक. घरात बोलणं मराठी, पण ताटात भात कमी आणि पोळ्या जास्त. मांस-मच्छी कुणीच खात नाही. अंडं आजी सोडून सगळ्यांना चालतं, त्यासाठी वेगळा तवा आहे.

दादा भरतीची तयारी करतोय, म्हणून अंडी त्याच्या वाट्याला येतात. आईला सांगितलं की ती म्हणते, "अगं, मला काय करायचीत अंडी? डाळ आहे ना!" तुमच्याही घरी हे वाक्य ऐकू येत असेल. म्हणून ते जरा तपासून पाहूया.

प्रथिनांचा दर्जा दोन गोष्टींवर ठरतो. त्यातली सगळी आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी आहेत का, आणि ती किती पचतात. या मोजमापात अंडं आणि दूध दोघांनाही पूर्ण 1 गुण मिळतो. मसूर डाळीला मात्र अर्ध्याच्या थोडे वर. हे वाचून वाटतं, डाळ म्हणजे जवळजवळ अर्धं अंडं.

पण हा गुण डाळ एकटी खाल्ली तरचा आहे. डाळीत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असतं. गव्हात ते पुरेसं असतं, गव्हात कमी पडतं ते लायसिन. आणि लायसिन डाळीत भरपूर! म्हणजे पोळीला जे हवं, ते डाळीकडे आहे.

आता आईचाच हिशेब करू. तिचं वजन 50 किलो. तिला दिवसाला साधारण 1500 मिलिग्रॅम लायसिन लागतं. दिवसभरातल्या सहा पोळ्यांमधून, म्हणजे 180 ग्रॅम कणकेतून, 500 च्या आसपास मिळतं. 30 ग्रॅम कोरड्या डाळीची घट्ट वाटी आणखी तेवढंच देते. झाले 1000. उरलेले 500 कुठून आणायचे? एक कप, म्हणजे 200 मिली दूध ते भरून काढतं. एक अंडं जवळपास तेवढंच, 440 च्या आसपास देतं. आणि डाळीची दुसरी वाटीही देते.

म्हणजे पोळी खाणाऱ्या माणसासाठी एक अंडं, एक कप दूध आणि एक वाटी घट्ट डाळ हे जवळपास एकाच तोलाचे आहेत. तिघांतही प्रथिनं 6 ते 7 ग्रॅम. डाळ थोडी कमी पचते, पण तो फरक अर्ध्याइतका मोठा नाही.

मग आईचं म्हणणं बरोबर? डाळीबद्दल बरोबर, तिच्या वाटीबद्दल नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरतं ते पाणीदार वरण. त्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम 15 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं निम्मीच. ओळखायची खूण सोपी आहे. वाटी पाच मिनिटं तशीच ठेवा. वर पाणी आणि तळाशी डाळीचा पातळ थर दिसला, तर ती वाटी मोजताना अर्धीच धरा. अंड्याचा खरा फायदा इथे आहे. त्यात पाणी घालून वाढवता येत नाही, वाटणीत ते पातळ होत नाही.

एकूण प्रथिनांचंही पाहू. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे आईला साधारण 42 ग्रॅम. आहार मुख्यतः धान्याचाच असेल, तर किलोमागे 1 ग्रॅम धरतात. सहा पोळ्यांचे 19, दोन वाट्या घट्ट डाळीचे 14, कपभर दुधाचे साडेसहा आणि एका अंड्याचे 6. बेरीज 45 च्या वर. आजीसाठी अंड्याच्या जागी 35 ग्रॅम पनीर चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

अंडं शिजवूनच खा. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे 90 टक्के प्रथिनं शरीराला मिळतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. दुधात कच्चं अंडं फेटून पिणाऱ्या दादाला हे सांगितलंय. आणि पिवळा बलक टाकू नका, अंड्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं त्यातच असतात.

आमच्याकडे आता डाळ शिजली की पाणी घालायच्या आधी आईची वाटी बाजूला काढली जाते. उकडलेली अंडी आठवड्यातून चार दिवस तिच्याही ताटात असतात. दादाची अंडी कमी झाली नाहीत, ट्रेमध्ये चार जास्त येतात, एवढंच. तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं? आज रात्री त्यांच्या वाटीतलं वरण किती घट्ट आहे, तेवढं बघा.