गोड बोलणं आणि ओढ

आमच्याकडं माणूस भेटला की आधी त्याच्या अंगाकडं बघून बोलायची रीत आहे. ‘वाळलास रं’, ‘रंग उजळलाय’, ‘टोपी शोभतीया’. ह्या बोलण्याला रामरामापेक्षा जास्त किंमत नसते. पण पंचविशीतल्या पोराला हे कोण सांगणार?

माझा पुतण्या सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो. तिथं पावती करणारी मुलगी एकदा त्याला म्हणाली, "दाढी केली की चांगले दिसता." झालं! गडी रोज दाढी करायला लागला. डेअरीच्या यादीतून तिचा नंबर काढला अन् मला म्हणाला, "नाना, आज रात्री मेसेज टाकतो."

मी म्हणालो, "थांब. आठ दिवस नुसतं ऐक. ती आणखी कुणाला काय म्हणती ते बघ."

त्यानं ऐकलं. सत्तरीच्या म्हाताऱ्याला ती म्हणाली, "आबा, फेटा झकास." शाळकरी पोराला म्हणाली, "केस छान कापलेत." याच्याशीही बोलायची, पण कॅन काट्यावर असेपर्यंतच. फॅट लागली, पावती फाटली, की लगेच पुढचा माणूस. एक दिवस हा काम संपल्यावर मुद्दाम बाजूला रेंगाळला. तिनं विचारलं, "काही राहिलं का?" त्यात सगळं उत्तर आलं. बोलका स्वभाव तिचा, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिच्या कामाचा भाग.

खरी ओढ असते तिथं उलटंच दिसतं. आमच्या वाडीतल्या एका जोडप्याचं लग्न असंच जमलं. तो शाळेच्या पोरांची जीप चालवायचा, ती अंगणवाडीत होती. त्याच्या रूपाबद्दल ती कधी अक्षर बोलली नाही. पण तो तापानं दोन दिवस आला नाही, तर तिनं पोरांकडनं चौकशी केली. त्यानं मागं सांगितलेली आईच्या गुडघ्याची गोष्ट पंधरा दिवसांनी आठवणीनं विचारली. काम नसताना दोघं चार शब्द बोलायला थांबायची, आणि थांबायला कधी तो, कधी ती निमित्त काढायची. गावात चारचौघांत मोठ्यानं केलेलं कौतुक बहुधा साधंच असतं. मनात काही असलं की माणूस लोकांपुढं जपून बोलतो.

तरी ह्या खुणांवरनं पक्कं काही ठरत नाही. लाजाळू माणूस गप्प राहतो, मायाळू माणूस सगळ्यांचीच चौकशी करतो. शेवटी एकदा विचारावंच लागतं. पण ते कामाच्या जागी नाही, कारण खुर्ची सोडून ती जाणार कुठं? आणि ‘नाही’ म्हणणं तिला सोपं जावं, असं विचारावं. नाही आलं की विषय तिथंच संपला. डेअरीवर कुजबुज सुरू झाली असती, तर पुतण्याचं काही बिघडलं नसतं. तिला मात्र घरच्यांनी दुसऱ्या दिवशी कामावरनं काढून घरात बसवलं असतं.

पुतण्यानं नंबर पुसून टाकला. दाढी मात्र अजून रोज करतो.