उत्तर कोणत्या पोर्टाने येते

संगणकाला जाळ्यात पत्ता मिळतो तो चार संदेशांच्या देवाणघेवाणीतून. ग्राहक संगणक प्रथम ‘कोणी पत्ता देणारे आहे का’ असा डिस्कव्हर हा संदेश सर्वांना उद्देशून पाठवतो, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्याला ऑफर पाठवतो, ग्राहक रिक्वेस्ट करून ती ऑफर स्वीकारत असल्याचे कळवतो आणि सर्व्हर अ‍ॅक देऊन व्यवहार पक्का करतो. मार्च १९९७ मधील आरएफसी २१३१ या मानकात हा क्रम सविस्तर मांडलेला आहे. परंतु उत्तर देणारा खरोखर अधिकृत सर्व्हरच आहे, याची खातरजमा करण्याची सोय या चार संदेशांत नाही. एखाद्याने घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीवरील जॅकला जोडला, तर तोही तितक्याच तत्परतेने ऑफर पाठवू लागतो आणि शेजारच्या संगणकांना भलताच गेटवे मिळतो.

डीएचसीपी स्नूपिंग ही स्विचमधील पहाऱ्याची सोय याच उणिवेवरचा उपाय आहे. ती चालू केली की स्विच आपले सर्व पोर्ट अविश्वसनीय, म्हणजे अनट्रस्टेड, मानतो. अशा पोर्टातून ग्राहकाचे संदेश आत येऊ शकतात, मात्र ऑफर किंवा अ‍ॅक यांसारखा सर्व्हरचाच असू शकणारा संदेश तेथून आला तर तो टाकून दिला जातो. सर्व्हर ज्या बाजूला आहे त्या बाजूचा अपलिंक ट्रस्टेड आहे, असे स्विचला माणसाने सांगावे लागते, कारण सर्व्हर कोठे आहे हे ताडण्याचा कोणताही प्रयत्न स्विच स्वतः करत नाही. स्नूपिंगनंतर एकाच अ‍ॅक्सेस स्विचवरील ग्राहकांना ऑफर मिळेनाशी होते, तेव्हा बहुतेक वेळा दोष याच एका विधानात असतो: ते केलेले नसते, किंवा चुकीच्या पोर्टाबद्दल केलेले असते.

हा दोष लगेच उघड होत नाही, हे त्याचे सर्वांत फसवे लक्षण होय. ज्यांना आधीच पत्ता मिळालेला आहे ते संगणक लीज, म्हणजे पत्ता वापरण्याची ठरलेली मुदत, संपेपर्यंत निर्धास्त चालू राहतात. मुदत आठ दिवसांची असेल तर नूतनीकरणाचा पहिला प्रयत्न निम्म्या मुदतीला, म्हणजे चौथ्या दिवशी होतो, आणि तो फसला तरी पत्ता लगेच जात नाही. त्यामुळे बदल केला त्या संध्याकाळी सगळे सुरळीत दिसते, दुसऱ्या दिवशी नव्याने जोडलेल्या एखाद्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा स्वयंघोषित पत्ता दिसतो, आणि आठवडा उलटेपर्यंत तक्रारींची रांग लागते; तोवर त्या संध्याकाळच्या बदलाची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

उदाहरण म्हणून ४८ पोर्टांचा सिस्को कॅटॅलिस्ट स्विच घ्यावा, ज्याचे दोन अपलिंक, `Gi1/0/49` आणि `Gi1/0/50`, वरच्या थरातील दोन वेगवेगळ्या स्विचांना जोडलेले आहेत. आराखड्यात ४९ हा मुख्य दुवा आणि ५० हा राखीव दाखवलेला असल्याने स्नूपिंग चालू करणाऱ्याने ४९ ला ट्रस्टेड केले आणि राखीव दुव्याची चिंता पुढे ढकलली. प्रत्यक्षात व्हीलॅन २० साठी स्पॅनिंग ट्रीचे, म्हणजे वर्तुळाकार मार्ग तोडणाऱ्या यंत्रणेचे, मूळ दुसऱ्या वरच्या स्विचकडे आहे. म्हणून या व्हीलॅनमध्ये ४९ अडवलेला असून सगळी वाहतूक ५० वरून चालते. डिस्कव्हर ५० मधून वर जातो, सर्व्हर ऑफर देतो, ती ५० वरूनच परत येते आणि अविश्वसनीय पोर्टातून आली म्हणून दारातच टाकली जाते. त्याच स्विचवरील व्हीलॅन १० चे मूळ पहिल्या स्विचकडे असेल तर तेथील ग्राहकांना पत्ते बिनतक्रार मिळत राहतात, आणि तपासणाऱ्याची समजूत आणखीच चुकीच्या दिशेला जाते.

अशा वेळी आराखडा बाजूला ठेवून स्विचलाच विचारणे श्रेयस्कर. सर्व्हर दुसऱ्या जाळ्यात असेल, तर ग्राहकाची विनंती पुढे नेणारा रिले हा सहसा त्या व्हीलॅनचा गेटवेच असतो, आणि ऑफरही त्याच्याच हातून खाली येते. म्हणून गेटवेचा मॅक पत्ता ज्या पोर्टावर दिसतो, तोच ऑफरचा प्रवेशमार्ग समजावा.

```
show ip dhcp snooping
show spanning-tree vlan 20
show mac address-table vlan 20
show ip dhcp snooping statistics detail
```

पहिल्या आज्ञेने कोणते व्हीलॅन स्नूपिंगखाली आहेत आणि कोणते पोर्ट ट्रस्टेड आहेत ते कळते, दुसरीने व तिसरीने उत्तर खरोखर कोणत्या वाटेने येते ते, आणि चौथीत `Received on untrusted ports` या ओळीपुढील आकडा ग्राहकाच्या प्रत्येक प्रयत्नागणिक वाढताना दिसला, तर ऑफर येथपर्यंत पोहोचून येथेच मेली, हे सिद्ध होते. मग ५० वर `ip dhcp snooping trust` लिहिणे एवढेच उरते. अपलिंक एकत्र बांधून पोर्ट-चॅनल केलेला असेल, तर ही ओळ सुट्या पोर्टावर न लिहिता पोर्ट-चॅनलच्या इंटरफेसवर लिहावी.

काही बनावटींचे स्विच ग्राहकाची विनंतीसुद्धा फक्त ट्रस्टेड पोर्टांकडेच सोडतात. तेथे हाच दोष असूनही सर्व्हरच्या नोंदींत काहीच उमटत नाही, म्हणून सर्व्हर गप्प आहे एवढ्यावरून अपलिंक निर्दोष ठरवणे घाईचे होईल. घाईचा दुसरा, अधिक घातक प्रकार म्हणजे तक्रारींना कंटाळून सर्वच पोर्ट ट्रस्टेड करणे. त्याने पत्ते मिळू लागतात खरे, पण पहारा नावापुरताच उरतो, आणि घरचा राउटर पुन्हा मोकळा सुटतो.

अपलिंक ट्रस्टेड असून आणि वरील आकडा स्थिर असूनही ऑफर येत नसेल, तर दोष उलट दिशेच्या प्रवासात शोधावा लागतो. कॅटॅलिस्ट स्विच स्नूपिंग चालू होताच ग्राहकाच्या विनंतीत ऑप्शन ८२ नावाची चिठ्ठी आपणहून जोडतो, जिच्यात विनंती कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टातून आली ते लिहिलेले असते. विनंतीत रिलेच्या पत्त्याची जागा मात्र शून्यच राहते. चिठ्ठी आहे पण रिले नाही, हे विसंगत रूप पाहून वरचा सिस्को रिले ती विनंती टाकून देतो, आणि वरच्या स्विचवरही स्नूपिंग असून खालच्या बाजूचा पोर्ट अविश्वसनीय असेल, तर तोही तेच करतो. अपलिंकची प्रत काढून पाहिली की डिस्कव्हर जाताना दिसतो, ऑफर मात्र परतताना दिसत नाही. पहिल्या दोषात ती परतताना दिसते, हा दोहोंतील स्पष्ट फरक. ही चिठ्ठी कोणी वाचत नसेल, तर अ‍ॅक्सेस स्विचवर `no ip dhcp snooping information option` लिहून ती बंद करणे साधे ठरते. वाचली जात असेल, तर रिलेच्या इंटरफेसवर `ip dhcp relay information trusted` लिहावे लागते.

वरील उदाहरणात ५० ट्रस्टेड झाल्यावर ४९ ची ओळ काढून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण ज्या दिवशी ५० ची तार तुटेल त्या दिवशी उत्तर ४९ वरून येऊ लागेल. रात्रीच्या ठरलेल्या वेळेत ५० मुद्दाम बंद करावा, स्पॅनिंग ट्रीने ४९ मोकळा केल्यावर एका ग्राहकावर पत्ता सोडून नव्याने मागावा, आणि `show ip dhcp snooping binding` या यादीत त्या ग्राहकाच्या मॅक पत्त्यासमोर लीजची मुदत नव्याने मोजली जाऊ लागली आहे, एवढे पाहून ५० पुन्हा चालू करावा.