पाणी कुठे कापायचं?

एकाच फोटोत कॅमेरा हळूच सरकल्याचा भास करता येतो, हे मी लग्नाच्या व्हिडिओंमध्ये पाहिलं होतं. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि सपाट चित्राला खोली येते. मला ते सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराच्या फोटोवर करायचं होतं. फोटो भुईकोट किल्ल्याच्या तटावरून काढलेला. खाली तटाच्या चर्या, वरून आत आलेली कडुनिंबाची फांदी, मधे तलावातलं मंदिर, मागे पलीकडचा काठ आणि आकाश. तीन थर डोळ्यांना आपोआपच दिसत होते. कात्रीने कापावेत तसे कापायचे, एवढंच काम आहे असं वाटलं.

गिंप उघडलं, मूळ थराच्या तीन प्रती केल्या आणि प्रत्येकीवर मास्क लावला. मास्कमध्ये पांढरं रंगवलं तर तो भाग दिसतो, काळं रंगवलं तर लपतो. मूळ चित्र पुसलं जात नाही. चर्यांची कड फ्री सिलेक्टने टिंबाटिंबाने घेता आली. कडुनिंब मात्र हातात येईना. पान आणि आकाश यांच्या सीमेवर दोन्ही रंग मिसळलेले असतात. अशी फांदी सरकवली की तिच्याभोवती निळसर झालर दिसते.

व्हिडिओ एडिटिंग करणारा गल्लीतला मुलगा म्हणाला, ‘‘काकू, पानं एकेक कापत बसू नका. निळा चॅनेल बघा.’’ चॅनेल्सच्या यादीत फक्त निळा ठेवला, तर आकाश लख्ख उजळ आणि पानं काळपट. त्या चॅनेलची नक्कल करून, लेव्हल्सने फरक आणखी ताणून आणि उलटा करून तोच मास्क म्हणून वापरला. मग कड एखाद-दुसऱ्या पिक्सेलने आत ओढली आणि झालर गेली.

खरा गोंधळ पाण्याने घातला. चर्या संपतात तिथे सुरू होणारा तलाव सलग पलीकडच्या काठापर्यंत जातो. तो कुठल्या थराचा? मंदिराबरोबर सगळं पाणी सरकवलं तर पलीकडच्या काठाशी ते घसरतं. मागच्या थराला दिलं तर मंदिराचा चौथरा पाण्यावरून वाहत गेल्यासारखा दिसतो. आणि मंदिराचं प्रतिबिंब? ते पाण्यावर पडलेलं दिसतं, म्हणून मी ते पाण्याबरोबर ठेवू पाहत होते. पण आरशात दिसणारी वस्तू काचेवर नसते, काचेमागे तितक्याच लांब असते. म्हणून प्रतिबिंब मंदिराच्याच थरात हवं, त्याच वेगाने सरकणारं. बाकीच्या पाण्याला तीक्ष्ण कड द्यायची नाही. चौथऱ्यालगतचं पाणी मंदिराबरोबर, काठालगतचं मागच्या थराबरोबर, आणि मधल्या पट्ट्यात मास्कवर पांढऱ्याकडून काळ्याकडे विरत जाणारी छटा. लाटा ठळक असतील तर त्या पट्ट्यात दुहेरी दिसतात. माझ्या फोटोत पाणी संथ होतं, म्हणून निभावलं.

पुढे सरकवण्याचा हिशेब. खऱ्या डोळ्याला हाताशी असलेला तट मंदिराच्या कित्येक पट सरकताना दिसेल. ते प्रमाण तसंच ठेवलं तर मंदिर ढिम्म राहतं आणि तट पळतो. म्हणून ६ सेकंदांत पुढचा थर ८० पिक्सेल, मधला २४, मागचा ८, सगळे एकाच दिशेने. सुरुवात आणि शेवट मंद ठेवला. सलग एकाच वेगाने सरकणारं चित्र फिरत्या पट्ट्यावर ठेवलेल्या सामानासारखं वाटतं.

या आकड्यांवरूनच उघडं काय पडणार ते कळतं. ८० वजा २४ म्हणजे ५६. दोन चर्यांच्या फटीतून चर्येमागचं ५६ पिक्सेल नवं पाणी डोकावणार, आणि फोटोत ते नाहीच. तिथे मधल्या थरावर क्लोनने थोड्या जास्तच रुंदीचं पाणी भरून घ्यावं लागतं. शिखरामागे २४ वजा ८, म्हणजे १६ पिक्सेल आकाश पुरतं. हे भरलं नाही तर मागच्या थरात जागेवरच राहिलेलं मूळ शिखर सरकत्या शिखराच्या कडेने दुसऱ्यांदा दिसतं. व्हिडिओची चौकट १९२० पिक्सेल रुंद. थर २२०० रुंद ठेवले, नाहीतर बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. शेवटी तिन्ही थर पारदर्शकतेसह पीएनजी म्हणून काढून केडेनलाइव्हमध्ये एकावर एक रचले आणि प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मच्या की-फ्रेम दिल्या.

तुम्ही करणार असाल तर पहिल्याच वेळी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा फोटो घेऊ नका. तिथे माणसांचे पाय रस्त्यावर टेकलेले असतात, रस्ता पुढून मागपर्यंत सलग असतो, आणि माणूस सरकला की पाय रस्त्यावरून घसरतात. जिथे जवळची वस्तू चौकटीच्या खालच्या कडेनेच कापलेली आहे आणि तिचा जमिनीशी सांधा दिसत नाही, असा फोटो निवडा.