पीसमधले फोटो

मेसची हिरवळ, मागे चकचकीत पितळी तोफ, तो बंदगळ्यात आणि वहिनी पैठणीत. लग्नाच्या वाढदिवसाचा हा फोटो कोर्सच्या ग्रुपवर आला तेव्हा मी अरुणाचलात बुखारीपाशी ओले मोजे वाळवत होतो. आमचाही वाढदिवस त्याच आठवड्यात झाला होता; नेटवर्क नव्हतं, फोन दोन दिवसांनी लागला. मनात आलंच, आपल्या दोघांचं असं हसणं शेवटचं कधी झालं?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही म्हणाल. पण एनडीएत पाऊल ठेवल्यापासून आम्ही स्वतःला मोजतो ते कोर्समेटशेजारी उभं करूनच. क्रॉसकंट्रीत कितवा, मेरिटमध्ये कितवा, पुढे बोर्डात कोण निघालं. ती सवय घरातही शिरते.

त्यात आमच्या नोकरीची एक गंमत आहे. पीस आणि फील्ड आलटून पालटून येतं. फील्डला गेलं की बायको-मुलं एसएफ क्वार्टरमध्ये किंवा गावी. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा, २० दिवस सीएल, तीही तुकड्यातुकड्यांत. पुढच्या भागातून फोटो टाकायचे नसतात. म्हणजे ग्रुपवरचा जोडीचा फोटो बहुधा पीसमधला किंवा रजेतला. त्याच मित्राचा मागचा फील्डचा काळ मी ग्रुपवर वर सरकवत शोधला. शुभेच्छांना दिलेले अंगठे सोडले तर काही नाही.

बायकोला हे फोनवर सांगितलं तर ती हसली. तेव्हा त्या दोघी एसएफ क्वार्टरमध्ये शेजारी राहायच्या. "अरे, त्यांच्या मुलाचा हात मोडला तेव्हा रात्री हॉस्पिटलात आम्ही दोघीच होतो. त्याचा फोटो कोण काढणार? आणि त्याआधी आपण जबलपूरला होतो, तेव्हा भेडाघाटचे आपले फोटो बघून तीच मला म्हणाली होती, तुमचं बाई छान आहे!"

भेडाघाटचे ते फोटो मला चांगले आठवतात. येताना गाडीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो.

आता असा फोटो आला की मी आधी आठवतो, हा सध्या कुठे आहे. पीसला असेल तर मनापासून अभिनंदन करतो. आमचं कसं चाललंय हे कळायला माझ्याकडे फोनच आहे, आणि तो ऐकायला मी शिकलोय. गॅस, फी, आईचं बीपी, कुणाशी वाजलं, हे सगळं ती सांगते तोवर मी निश्चिंत असतो. "सगळं ठीक आहे, तू काळजी घे" एवढ्यावर फोन संपला, की मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो. लांबच्या संसारात बिघाड आधी तिथे दिसतो, छोट्या तक्रारी बंद होतात तिथे.

या रविवारी ती अठरा मिनिटं फक्त गळक्या टाकीबद्दल आणि न आलेल्या प्लंबरबद्दल बोलली. मग लाइन गेली.