उ की व?

सोनईहून मेडिकलसाठी इव्हानो-फ्रँकिव्स्कला गेलो, तेव्हा युक्रेनियन शब्दांनी वैताग आणला. ‘तो शिक्षक’ म्हणजे ‘विन उचितेल’, पण ‘ती शिक्षिका’ म्हणजे ‘वोना व्चितेल्का’. ‘विन’ व्यंजनावर संपतो, म्हणून पुढे उ. ‘वोना’ स्वरावर, म्हणून व. ‘आणि’चंही तसंच: ‘ब्रात इ सेस्त्रा’, पण ‘मामा य तातो’. मग शाळेतला संधी आठवला. सु आणि आगत, स्वागत. इति आणि आदी, इत्यादी. आपला उ पुढचा स्वर बघून बदलतो, त्यांचा मागचा आवाजही बघतो.

हे कळल्यावर मी जरा शेफारलोच. वॉर्डात एका आजोबांना ‘व्प्रावा’ म्हणजे व्यायाम सांगायचा होता, मी ‘उप्रावा’ म्हणालो. आजोबा गोंधळले. उप्रावा म्हणजे कारभारी मंडळ. या जोडीत अदलाबदल चालत नाही. शेवटी मीच गुडघा वाकवून दाखवला.