पाडव्याची खरेदी, सप्टेंबरची नोंद

लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यात मी आडतीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विकतो. चौदा दिवस फुकट वापरा, पटलं तर वर्षाचे पैसे भरा. वापरून बघणाऱ्यांपैकी किती जण पैसे भरतात, या आकड्यावर माझं पुढच्या वर्षाचं गणित बसतं. तोच आकडा मी कित्येक वर्षं चुकीचा काढत होतो.

महिन्याची विक्री भागिले महिन्याच्या नव्या नोंदण्या, एवढंच करायचो. गोल आकडे धरून सांगतो. सप्टेंबरात 100 नोंदण्या, 6 विक्री, म्हणजे 6 टक्के. ऑक्टोबरात 50 नोंदण्या, 12 विक्री, म्हणजे 24 टक्के. पण त्या 12 पैकी 8 जण सप्टेंबरात आलेले होते. सोयाबीनची आवक वाढण्याआधी दुकानदार सॉफ्टवेअर बघून ठेवतो आणि पैसे नव्या वहीच्या मुहूर्तावर, दिवाळीत भरतो. ज्याची विक्री त्याच्या नोंदणीच्या महिन्यात मांडली, तेव्हा सप्टेंबर 14 टक्क्यांवर गेला आणि ऑक्टोबर 8 वर आला. ऑक्टोबरचेही 8 टक्के कच्चेच, कारण त्या महिन्यातल्या कित्येकांचे चौदा दिवसही अजून भरलेले नव्हते.

म्हणून प्रत्येक महिन्याच्या गटाला नोंदणीपासून सारखेच दिवस द्यायचे. किती दिवस, हे बाजार ठरवतो. 15 सप्टेंबरला आलेल्या दुकानदाराला पाडवा 2024 साली 48 दिवसांवर होता, 2025 साली 37 दिवसांवर. मी 45 दिवसांची मुदत धरली असती, तर तीच पाडव्याची खरेदी एका वर्षी हिशेबाबाहेर राहिली असती आणि दुसऱ्या वर्षी आत आली असती. धंदा वाढला, असं मी समजलो असतो. आता 60 दिवस धरतो.

दुसरी गफलत भागाकाराच्या खालच्या आकड्यात होती. आम्ही नोंदणीला कार्ड मागत नाही, मोबाइल नंबर पुरतो. एका दुकानात मुनीमजींनी आधी स्वतःच्या नंबरवर नोंदणी केली, मुदत संपल्यावर मालकाच्या, मग मालकाच्या मुलाच्या. बेचाळीस दिवस रोज शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि पाडव्याला पैसे भरले. माझ्या तक्त्यात ते तीन गिऱ्हाईक होते, त्यातले दोन सोडून गेलेले. खरं तर आमचं सॉफ्टवेअर इतकं नेमानं वापरणारं दुसरं दुकान नव्हतं.

आता पहिली पट्टी छापताना बाजार समितीचा परवाना क्रमांक विचारतो. एक परवाना म्हणजे एक दुकान, आणि दिवस त्याच्या पहिल्या नोंदणीपासून मोजायचे. ज्यांनी एकही पट्टी काढली नाही त्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहितो, पुसत नाही. ते पट्टीपर्यंत का पोचले नाहीत, हे विचारायला मोंढ्यातच जावं लागतं.